आजी बारा दिवस येतेय, आणि आमच्या तोंडात शिव्या बसल्यात

प्रश्न: आम्ही तिघं कर्वेनगरला टू बीएचकेमध्ये राहतो. मी बार्शीचा, एक कोल्हापूरचा, एक इंदूरचा. सोमवारी 10 तारखेला माझी आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येतेय. हॉलमधल्या दिवाणावर झोपेल, 22ला परत जाईल. दोघांना ते चालतंय. अडचण एवढीच की आमच्या तिघांच्याही तोंडी शिव्या असतात, रागाने नाही, सवयीने. फ्रीजवर लावायला मी ही चिठ्ठी लिहिली, पण वाचून मलाच शाळेत असल्यासारखं वाटलं. कशी लिहू?

*"सर्वांना नम्र विनंती. माझी आजी काही दिवस आपल्याकडे राहायला येत आहे. ती जुन्या वळणाची आहे. कृपया या काळात सर्वांनी सभ्य भाषेत बोलावे, अपशब्द टाळावेत व घरातील वातावरण शांत ठेवावे. मोठ्यांचा मान राखणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद."*

उत्तर: पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात मी 19 वर्षं रेक्टर होते. एका खोलीत तिघी-चौघी, वेगवेगळ्या गावांच्या, आणि त्यांच्यात चालणाऱ्या चिठ्ठ्या. गीझरवर, कपाटावर, आरशावर. त्यातल्या कितीतरी शेवटी माझ्या टेबलावर यायच्या, कारण चिठ्ठी वाचून कुणीतरी दुखावलेली असायची. त्यामुळे चिठ्ठी कुठे बिघडते ते मला चांगलं ठाऊक आहे. तू वयाने माझ्या त्या मुलींएवढाच असशील, म्हणून तुला अरे-तुरेच करते.

तुझ्या चिठ्ठीत मनापासून खटकावा असा एकही विचार नाही. बिघडलंय ते व्याकरणात. "बोलावे, टाळावेत, ठेवावे" ही सगळी पाटीवरची क्रियापदं आहेत. "चपला बाहेर काढाव्यात", "शांतता राखावी" असं आपण जिथे वाचतो, तिथे सांगणारा माणूस कधी दिसत नाही. दिसतं ते देवस्थान, ग्रंथालय, सोसायटी. तू रोज ज्याच्यासोबत एका ताटात पोहे खातोस त्याला "बोलावे" असं लिहिलंस की तू त्याचा मित्र राहत नाहीस, त्या तीन ओळींपुरता व्यवस्थापक होतोस. प्रवचन वाटतं ते त्यामुळे. "येत आहे" आणि "येतेय" यांतही तेवढंच अंतर आहे. तुम्ही बोलता तसंच लिही. दोघांशी हिंदीत बोलत असशील तर हिंदीत लिही, पण तिथेही "कृपया" नको. रोज "तू" म्हणतोस त्याला कागदावर एकदम "आपण" करू नकोस. मराठीत मित्राला अचानक आदरार्थी बोलणं हे रागावल्याचंच लक्षण आहे.

दुसरी गोष्ट, त्या चिठ्ठीत तू स्वतः कुठेच नाहीस. प्रश्नात तू सरळ लिहिलंस की तिघांच्याही तोंडी शिव्या असतात. चिठ्ठीत मात्र "सर्वांनी". हा "सर्वांनी" फसवा आहे, कारण वाचणारा त्यातून लिहिणाऱ्याला आपोआप वगळतो. "आपण सर्वांनी पाळलं पाहिजे" असं म्हणणारा माणूस व्यासपीठावर उभा असतो, हे आपल्याला पहिलीपासून माहीत आहे. त्याऐवजी "माझ्या तोंडात जास्त बसल्यात" हे एक वाक्य घाल. ते खरं असेल तरच घाल. सोबत राहणाऱ्याला खोटा नम्रपणा लगेच कळतो, आणि मग तो प्रवचनापेक्षाही जास्त खुपतो.

तिसरी गोष्ट शब्दांची. "सभ्य भाषा", "अपशब्द", "वातावरण", "मान", "कर्तव्य". या शब्दांनी तू मागतोयस काय, तर बारा दिवस चांगलं माणूस होणं. ते कुणी कुणाला मागू शकत नाही. आणि मागितलंस तर त्याचा अर्थ असा निघतो की आत्तापर्यंत ते चांगले नव्हते. "शिव्या" हा साधा शब्द लिही. तो रोजचा आहे, त्यात शिक्षा नाही.

पण "शिव्या नकोत" एवढ्यानंही भागत नाही, कारण शिवी कशाला म्हणायचं यावर तुम्हा तिघांचं एकमत असणार नाही. कोल्हापूरकडे "रांडेच्या" ही जवळच्या मित्राला मारलेली हाकही असते. त्या मुलाला विचारलंस तर तो म्हणेल, मी कुठे शिवी दिली? इंदूरच्याला "साला" हा शब्द बोलताना जाणवतही नसेल. आणि आपल्या भागातलं "च्यायला" तर इतकं झिजलंय की "तुझ्या आईला" यातून ते आलंय, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसतं. म्हणून रेघ कुठे ओढतोयस ते लिही. माझ्या अनुभवात एकच रेघ नीट टिकते, आणि ती म्हणजे आईबहिणीवरून काहीही नको. ती तिन्ही भाषांत सारखी समजते, आणि आजीला खरोखर लागतं तेही तेवढंच.

कारण शिव्या आजीला नव्या नाहीत. "जुन्या वळणाची" हे तू लिहिलंस ते मला म्हणूनच खटकलं. त्यात तू नकळत सगळं आजीवर ढकलतोस, जणू ती नसती तर प्रश्नच नव्हता, आणि जणू तिला जगाची माहितीच नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी काय काय असायचं ते आठव. मेल्या, मुडद्या, मसण्या, काळतोंड्या, भवाने, सटवे. चिडल्या तर "पटकी येवो तुला". पटकी म्हणजे कॉलरा. त्या शिव्या मरणाच्या आणि रोगाच्या होत्या, कारण त्यांच्या आयुष्यात भीती त्याचीच होती. बाईच्या अंगावरून दिलेली शिवी त्यांनीही ऐकलेली असते, पण बहुतेक वेळा ती त्यांनी भांडणात, दारू पिऊन आलेल्या पुरुषाच्या तोंडून ऐकलेली असते. तुमच्यासाठी ती नुसती वाक्याची टेकण असते. तिच्यासाठी ती भांडण सुरू झाल्याची खूण आहे. फरक तिथे आहे, आणि चिठ्ठीत कारण द्यायचंच असेल तर ते "ती जुनी आहे" हे नको, "तिला ते भांडण वाटतं" हे दे.

याला कानाचीही बाजू आहे, आणि ती मुलांना सहसा माहीत नसते. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले जातात, म्हणजे स, श, फ, त, क अशी व्यंजनं पुसट होतात. स्वर आणि चढउतार मात्र येत राहतात. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं, आवाज येतोय पण काय बोलतोयस ते कळत नाही. तुम्ही तिघं हॉलमध्ये एकमेकांची खेचत असता तेव्हा गमतीचे शब्द तिच्यापर्यंत पोचणार नाहीत. पोचेल तो चढा सूर, आणि त्यात जोर देऊन उच्चारलेली शिवी. भर म्हणून, अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, आणि जरा मोठा झाला की तो एकदम असह्य होतो. आजीशी फोनवर बोलताना "ऐकू येत नाही" आणि "ओरडू नकोस" ही दोन्ही वाक्यं एका मिनिटात ऐकली असशील, त्याचं कारण हेच. त्यात एका डोळ्यावर पट्टी असेल त्या दिवशी तिला तुमचे हसरे चेहरेही नीट दिसणार नाहीत.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एका मुलीची आजी पाच दिवस पाहुण्यांच्या खोलीत उतरली होती. शेजारच्या टीव्हीच्या खोलीत मुली मॅच बघत होत्या, शेवटची षटकं, आरडाओरडा, आणि मधूनच शिवी. मी फेरीला गेले तर आजी पलंगाच्या कडेला बसलेल्या. मांडीवर कापडी पिशवी, तिचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, माझ्यावरून का भांडतायत? मी उद्याच जाते." टीव्हीच्या खोलीत त्या क्षणी सगळ्या जणी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. त्या मुलींना मी काही बोलले नाही, नुसतं आजींचं ते वाक्य त्यांना सांगितलं. पुढचे दिवस कुणाला काही सांगावं लागलं नाही. तेव्हापासून मी मुलींना सांगत आले की शिवीमुळे पाहुणीचा अपमान होतो असं लिहू नका, तिला भीती वाटते असं लिहा. अपमानावर वाद घालता येतो. भीतीवर कोण वाद घालणार?

आता चिठ्ठी फ्रीजवर लावावी का? माझं मत स्पष्ट आहे, लावू नकोस. एक म्हणजे फ्रीजवरचा कागद सगळ्यांसाठी असतो. कामाच्या मावशी वाचतील, घरमालक आला तर तो वाचेल, आणि तुझे मित्र आपल्याच घरात चूक केल्यासारखे दिसतील. दुसरं कारण मोठं आहे. तो कागद बारा दिवस तिथेच राहील. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आजीला कितीतरी दिवसांनी स्वच्छ दिसायला लागलं, ती पाणी घ्यायला फ्रीजजवळ गेली आणि तिनं वाचलं की आजी आहे म्हणून शिव्या देऊ नका. तिला त्यातून एवढंच कळेल की आपल्यामुळे पोरांची गैरसोय झाली. आजीचं नाव असलेला कागद आजीला दिसेल अशा जागी कधीच नको.

आधी तोंडी सांग, मग तेच थोडक्यात तुमच्या तिघांच्या ग्रुपवर टाक. तोंडी सांगताना आवाजातून जे जातं ते लिहिण्यात जात नाही, आणि लिहिलेलं असलं की तारखा आणि रेघ लक्षात राहते. नुसता मेसेज पाठवलास तर वाचणारा त्याला स्वतःच्या मनाचा सूर लावतो, आणि तो सूर नेहमी लिहिणाऱ्याच्या सुरापेक्षा कडक असतो. वेळ निवड ती शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावरची. कुणीतरी नुकतीच शिवी दिलीय, काल भांड्यांवरून कुरबूर झालीय, अशा वेळी सांगितलंस तर ती विनंती न राहता उत्तर होते. आणि सोमवारी सकाळी आजी रिक्षात असताना तर मुळीच नको, कारण जिभेला वळायला दोन-तीन दिवस लागतात.

मेसेज साधारण असा लिहीन:

*"अरे, आजी 10ला सोमवारी येतेय, 22ला शनिवारी जाईल. बुधवारी डोळ्याचं ऑपरेशन. दिवाणावर झोपेल.*

*एक मदत हवीय. ती हॉलमध्ये असेल तेव्हा आईबहिणीवरून काही नको, हिंदीत पण नको. तिला ऐकायला कमी येतं, चढा आवाज आला की तिला वाटतं भांडण चाललंय. बाकी सगळं नेहमीसारखं, मॅच लावा, हसा, तिच्याशी गप्पा मारा.*

*सगळ्यात जास्त माझ्याच तोंडात बसल्यात, म्हणून मी उद्यापासूनच बंद करतोय. माझी सुटली तर 'चहा' म्हणा, मला कळेल. जमेल ना? काही अवघड वाटत असेल तर सांगा."*

यात काय कुठे बसवलंय ते बघ. तारखा पहिल्या ओळीत आहेत. तुझ्या मूळ चिठ्ठीत "काही दिवस" होतं. ज्या गोष्टीला शेवट नाही ती गोष्ट माणूस नियम म्हणून ऐकतो, आणि नियमाला विरोध करतो. 22 तारीख दिसली की ती मदत होते. जागाही ठरलेली आहे, हॉल. त्यांच्या खोलीत ते काय बोलतात हा तुझा विषय नाही. तिसरा हिस्सा भाडं तेही भरतात, आणि तेवढं घर त्यांचंच आहे. हे तुझ्या मनात स्पष्ट असलं की लिहिण्यातही आपोआप येतं.

"बाकी सगळं नेहमीसारखं" ही ओळ गाळू नकोस. ती शोभेची नाही. "वातावरण शांत ठेवावे" असं लिहिलंस तर चांगली मुलं काय करतात सांगते. गप्प होतात. दार लोटून घेतात, स्वयंपाकघरात कुजबुजतात, हॉलमधून पायाचा आवाज न करता जातात. आजीला कुजबुज ऐकू येत नाही, पण ओठ हलताना दिसतात, आणि ती आत गेली की बोलणं थांबतं तेही कळतं. असं घर तिला शिव्यांच्या घरापेक्षा जड जातं. तू तिच्यासाठी आवाज कमी मागत नाहीयेस, आवाजातली धार कमी मागतोयस. तिच्याशी बोलताना तर उलट सगळ्यांनी समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश आणि खालच्या पट्टीत बोललं पाहिजे. हे मेसेजमध्ये लिहू नकोस, लांबेल. ती आल्यावर तू तसं बोल, बघून दोघं बोलतील.

"जमेल ना?" या प्रश्नाबद्दल. तुझ्या चिठ्ठीच्या शेवटी "सहकार्याबद्दल धन्यवाद" होतं. होकार मिळायच्या आधीच धन्यवाद दिला की नाही म्हणायची जागा उरत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही तो आज्ञाच ऐकतो. "जमेल ना" विचारलंस तर उत्तराची वाट बघ. "जरा", "प्लीज", "थोडंसं", "जमलं तर" असे मऊ शब्द एकाच वाक्यात चार घालू नकोस. एक पुरतो. जास्त घातले की तू काकुळतीला आल्यासारखा वाटतोस आणि नेमकं काय हवंय तेच हरवतं.

मेसेजमध्ये आणखी दोन गोष्टी घालायचा मोह होईल, त्या टाळ. आजी बार्शीहून शेंगाचटणी आणणार असेल तर ते वेगळ्या वेळी सांग. विनंतीच्या खाली चटणी आली की ती लाच वाटते, आणि आजीनं प्रेमानं कुटून आणलेल्या वस्तूची किंमत उगाच कमी होते. आणि कुणा एकाबद्दल असलेली गोष्ट तिघांच्या मेसेजमध्ये नको. समजा तुमच्यापैकी एक जण रात्री हेडफोन लावून गेम खेळतो आणि आरडाओरडा करतो. "गेम खेळताना सर्वांनी आवाज कमी ठेवावा" असं लिहिलंस तर ते कुणासाठी आहे हे तिघांनाही कळतं आणि त्याला ते चारचौघांत लागतं. त्याला एकट्याला सांग. सांगताना हेही सांग की हेडफोनमध्ये मोठा आवाज असला की माणूस आपोआप जोरात बोलतो, त्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. एक कान उघडा ठेवला किंवा दार लावलं तरी बराच फरक पडतो. त्याची खोली दिवाणाला लागून असेल तर त्याला आधी एकदा दिवाणावर बसव आणि तू आतून बोलून दाखव. भिंतीतून किती येतं ते त्याचं त्याला ऐकू दे.

आता सवयीबद्दल, कारण मेसेज कितीही चांगला लिहिलास तरी शनिवारी सकाळी दूध उतू गेलं की तोंडातून तेच येणार. शिवी थांबवून तिथे रिकामी जागा ठेवता येत नाही. दुसरं काहीतरी लागतं, आणि त्याला तेवढाच जोर लागतो. "अरे देवा" चालत नाही, ते फार मऊ आहे, जिभेला त्यात टेकायला काही मिळत नाही. म्हणूनच पोरांनी "भेंडी", "आईच्या गावात", "च्यामारी" असे शब्द आपले आपण घडवलेत. सुरुवात शिवीसारखीच, मग वळण. आजीला भेंडी म्हणजे भाजीच कळेल. मला स्वतःला "बोंबला!" सगळ्यात चांगला वाटतो. फुटणारा ब, मग ला, आणि तो कुणाच्या आईला लागत नाही. तिघांनी एकेक शब्द आपापला निवडा. दुसऱ्यानं दिलेला शब्द ऐन वेळी आठवत नाही.

"चहा" ही खूणही अशीच विचार करून ठेवलीय. कुणाची शिवी सुटली की तिथल्या तिथे "अरे आजी आहे!" म्हणणं सगळ्यात वाईट. आजीचं लक्ष गेलं नसेल तर जातं, मित्राचा चेहरा पडतो, आणि आजी म्हणते, बोलू दे रे, माझं काय. तिघंही अवघडतात. "चहा टाकू का?" हे घरात कधीही बोलता येतं. आणि लक्षात ठेव, मेसेजमध्ये ती खूण तू स्वतःसाठी मागितली आहेस. पहिल्या दिवशी तू स्वतःच चुकलास आणि कुणी "चहा" म्हटलं, तू हसून गप्प झालास, की ती सगळ्यांची होते. तू आधी दुसऱ्यावर वापरलीस तर ती छडी होते. निदान पहिले दोन दिवस तू ती कुणावरही वापरू नकोस.

सुटलेल्या शिवीनंतर लांबलचक माफीही नको. "सॉरी आजी, सॉरी, चुकून" असं तीनदा म्हटलं की जे तिनं अर्धवट ऐकलं ते पक्कं होतं. वाक्य पुढे न्यायचं. फार तर सूर खाली आणायचा.

मेसेज बिघडला हे कसं ओळखायचं? उत्तरावरून. "हो रे, कधी येतेय, आणायला जायचंय का?" असं आलं तर काम झालं. नुसता अंगठा आला तर वाईट नाही, पण संध्याकाळी पुन्हा दोन शब्द बोल. "ओके सर", "जी हुजूर", हात जोडलेलं चित्र, असं आलं तर त्याला नोटीस वाटलीय. तेव्हा त्याच ग्रुपवर खुलासा लिहीत बसू नकोस. खुलाशाचा मेसेज पहिल्यापेक्षा लांब होतो आणि जास्त दुखावतो. त्याच्याजवळ जाऊन बस आणि म्हण, "लिहिताना कडक झालं रे, मला आजीची काळजी लागलीय." तेवढं पुरतं, कारण ते खरं आहे.

आणि एखाद्यानं सरळ सांगितलं की मला जमणार नाही, माझ्या घरात मी असाच बोलतो, तर त्याच्याशी वाद घालू नकोस. तू विचारलंस, त्यानं प्रामाणिक उत्तर दिलं. मग व्यवस्था बदल. दिवाणावर तू झोप आणि आजीला तुझ्या पलंगावर झोपव. तुझ्या खोलीत कोल्हापूरचा असेल तर बारा रात्री तोही तुझ्यासोबत हॉलमध्ये येईल का विचार. बाथरूम लांब पडत असेल तर रात्री उठून सोबत जा, तसंही ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री तिला एकटीला अंधारात चालू देऊ नकोस. डोळ्याचे थेंब दिवसातून बरेच वेळा घालायचे असतात, तेव्हा दुपारी तुझं ऑफिस असेल तर ते कोण घालणार हेही आधी ठरव. मी पाहिलंय की ज्या मुलीवर थेंब घालायचं काम आलं, तिला कुणी भाषेबद्दल वेगळं सांगावं लागलं नाही. डोळ्याची पापणी हलकेच खाली ओढून थेंब टाकताना माणूस आपोआप हळू बोलतो. दोघांपैकी कुणी तयार असेल तर एक वेळ त्याला दे.

आजीशीही आधी फोनवर बोल. सगळा भार मित्रांवर नको. तिला सांग की पोरं गुणी आहेत, मोठ्यानं बोलतात, मॅच असली की ओरडतात, ते भांडण नसतं. ती बहुतेक म्हणेल, मी काय पोरं बघितली नाहीत का. पण तिच्या डोक्यात ते राहील, आणि रात्री आवाज चढला तर तिला पिशवी भरावीशी वाटणार नाही.

इंदूरच्यालाही एक सांगून ठेव. बारा दिवसांत कधीतरी ती त्याला "मेल्या, जेवलास का?" म्हणेल. हिंदीत त्याचा शब्दशः अर्थ लावला तर त्याला धक्का बसेल. त्याला सांग की आमच्या घरात हे तिनं फक्त नातवंडांना म्हटलेलं आहे.